पावतीवरचा आकडा, हातातला आकडा

मुदत ठेवीच्या पावतीवर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो तो मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेचा. ग्राहक पावती हातात घेतो आणि नाव, खाते क्रमांक, व्याजदर असं सगळं ओलांडून त्याची नजर तिथेच जाऊन थांबते. मग पावतीची घडी होते, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते आणि पिशवी कपाटात, साड्यांच्या खाली. तीन वर्षांनी तीच पावती काउंटरवर येते आणि तिच्याबरोबर प्रश्न येतो, "साहेब, यातले वीस हजार कुठं गेले?"

पडेगावच्या एका बँक शाखेत ठेवींच्या काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीची बरीच वर्षं या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेली आहेत. प्रश्न विचारणारे बदलतात. कधी वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असतो, कधी प्लॉट विकलेला शेतकरी. राग मात्र सारखाच असतो, कारण पैसे बँकेने खाल्ले अशी त्यांची खात्री झालेली असते. तो टीडीएसचं प्रमाणपत्र छापून देतो, हिशेब कागदावर मांडतो, समोरचा मान डोलावतो आणि तरीही नाराज होऊन जातो. तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते आज सांगून उपयोग नसतो, हे त्याला हळूहळू कळलं. म्हणून आता तो पावती छापायच्या आधी कॉम्प्युटरचा स्क्रीन ग्राहकाकडे वळवतो आणि त्यावरच्या आकड्यांबद्दल बोलतो. पाठीमागच्या रांगेतून कुणीतरी खाकरतं, पण त्याला इलाज नाही.

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की पडेगाव येतं. एकेकाळचं गाव आता शहरात मिसळून गेलंय. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं उठली, आणि जमिनीचा पैसा अशा घरांत आला जिथे बँकेचा संबंध पेन्शन, गॅस सबसिडी आणि बचत गटाच्या कर्जापुरता होता. या घरांतले लोक पैसे साठवत नव्हते असं नाही. भिशी होती, सोनं होतं, एखादी म्हैस होती. पण पैसा बँकेत ठेवून तीन वर्षं त्याला हात न लावणं, आणि मध्ये त्याचं काय होतंय हे नुसत्या स्क्रीनवर बघणं, हा अनुभव नवा होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये, वर्षअखेरची धावपळ संपल्यावर, घरी शिवणकाम करणारी एक बाई बारावीतल्या मुलीला घेऊन त्याच्या काउंटरवर आली. माहेरच्या जमिनीचा व्यवहार झाला होता. भावांनी हक्कसोडावर सही मागितली नाही, उलट हिश्श्याचे आठ लाख रुपये तिच्या बचत खात्यात जमा केले. शाखेत अशी उदाहरणं फार बघायला मिळत नाहीत, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला त्याचंच आधी कौतुक वाटलं.

"भाऊ, हे पैसे मला मोडायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "एफडी करून द्या. आयुष्यात पहिल्यांदा करतेय, तेव्हा नीट सांगा."

त्याने आठ लाख, सात टक्के, तीन वर्षं असे आकडे भरले आणि स्क्रीन फिरवला. Maturity Amount या शब्दांपुढे ९,८५,१५१ रुपये आले. म्हणजे व्याज १,८५,१५१.

मुलीने तोवर मोबाइलवर हिशेब केला होता. "आठ लाख गुणिले सात गुणिले तीन भागिले शंभर. एक लाख अडुसष्ट हजार होतात. इथं सतरा हजार जास्त कसे दाखवतात?"

असा प्रश्न विचारणारा ग्राहक त्याला आवडतो. मुलीचं गणित चुकलेलं नव्हतं, ते सरळव्याजाचं होतं. बँक या प्रकारच्या ठेवीवर दर तिमाहीला व्याज काढते आणि ते मुद्दलात मिळवते. वर्षाला सात टक्के म्हणजे तिमाहीला पावणेदोन टक्के. पहिल्या तीन महिन्यांचं व्याज १४,००० रुपये. ते हातात मिळत नाही, ठेवीत जाऊन बसतं. त्यामुळे पुढच्या तिमाहीचं व्याज ८,१४,००० वर निघतं आणि ते १४,२४५ होतं. दोनशे पंचेचाळीस रुपये जास्त. तीन वर्षांत अशा बारा तिमाही येतात आणि व्याजावरच्या व्याजाचे १७,१५१ रुपये होतात.

"आठ लाखांना १.०१७५ ने गुण," त्याने मुलीला सांगितलं. "आलेल्या उत्तराला परत १.०१७५ ने. असं बारा वेळा." तिने तिथेच उभं राहून केलं. शेवटी ९,८५,१५१ आले तेव्हा तिने मोबाइल आईपुढे धरला. स्क्रीनवरचा आकडा कुठून येतो हे ग्राहकाने स्वतःच्या हाताने एकदा काढून बघितलं की पुढचं बोलणं सोपं होतं, असा त्याचा अनुभव आहे.

पण हे सगळं ठेव कुठल्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून असतं. दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज बचत खात्यात घ्यायचं ठरवलं, तर ठेवीत काहीच मिळवलं जात नाही आणि मुदतीच्या शेवटी आठ लाखच परत मिळतात. स्क्रीनवर तेव्हा मुदतपूर्तीची रक्कम आणि मुद्दल एकच दिसतं. घाईत चुकीचा प्रकार निवडला गेला तर हीच खूण आहे. व्याज साठवायचं सांगितलं आणि पावतीवर मुद्दलाइतकीच रक्कम आली, तर काउंटर सोडायच्या आधी विचारायचं.

आता अडचणीचा भाग. हा ९,८५,१५१ चा आकडा संगणक काढतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे या ठेवीतून मधल्या काळात एक रुपयाही बाहेर जाणार नाही. टीडीएस कापला जाणार की नाही, हे त्या क्षणी त्याने लक्षात घेतलेलं नसतं. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं, की मुदतपूर्तीची रक्कम करकपातीनुसार कमी होऊ शकते. पावतीची मागची बाजू कोण वाचतं?

टीडीएस म्हणजे उगमस्थानी करकपात. व्याज देणारी बँक ते तुमच्या नावे जमा करतानाच त्यातला ठरावीक भाग कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारजमा करते. पैसे देताना नाही, तर जमा करताना, हा भाग नीट समजून घ्यावा लागतो. तीन वर्षांची ठेव असली की लोकांना वाटतं, व्याज तीन वर्षांनी मिळणार, तेव्हाच काय तो कर कापतील. तसं होत नाही. व्याज ठेवीत मिळवलं गेलं की ते त्या वर्षाचं व्याज ठरतं आणि त्या त्या वर्षी त्यावर कपात होते, मग ते तुमच्या हातात आलेलं असो वा नसो.

किती व्याजापर्यंत कपात नाही, ही मर्यादा त्याच्या नोकरीच्या काळातच पुष्कळ बदलली. बराच काळ ती वर्षाला १०,००० रुपये होती, २०१९ पासून ४०,००० झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ५०,०००. साठी ओलांडलेल्यांसाठी ती त्याच दिवसापासून एक लाख. दहा हजारांच्या काळात दीड लाखाची ठेव असली तरी टीडीएस लागायचा आणि एप्रिल महिन्यात काउंटरवर फॉर्मांचा ढीग जमायचा. आता पाच-सहा लाखांपर्यंतच्या माणसाला या भानगडीत सहसा पडावं लागत नाही. बाईंचे आठ लाख मात्र या रेषेच्या पलीकडे जात होते, कारण पहिल्याच वर्षाचं व्याज ५७,४८७ रुपये होत होतं.

"म्हणजे पन्नास हजारांच्या वरचे जे सात हजार, त्याच्यावर कापणार ना?" बाईंनी विचारलं.

हा गैरसमज इतका पक्का आहे की एरवी कर्मचारी आपणहूनच हा विषय काढतो. कपात वरच्या सात हजारांवर नसते. मर्यादा ओलांडली की सगळ्याच व्याजावर दहा टक्के लागतात. ४९,९०० व्याज असेल तर शून्य, आणि ५०,१०० असेल तर ५,०१०. मर्यादा ओलांडेपर्यंत बँक थांबतेच असंही नाही. पुष्कळ बँकांची प्रणाली ग्राहकाच्या सगळ्या ठेवींवर वर्षभरात किती व्याज होईल याचा अंदाज आधीच बांधते आणि मर्यादा ओलांडली जाणार असं दिसलं तर पहिल्या तिमाहीपासूनच कापायला लागते.

मग त्याने एक कोरा कागद घेतला आणि दोन रकाने केले. डावीकडे टीडीएस नसताना, उजवीकडे असताना. पहिल्या तिमाहीचं व्याज दोन्हीकडे १४,०००. डावीकडे ते पूर्ण ठेवीत गेलं. उजवीकडे त्यातले १,४०० कापले गेले आणि १२,६०० ठेवीत गेले. दुसऱ्या तिमाहीत डावीकडे ८,१४,००० वर १४,२४५ व्याज, उजवीकडे ८,१२,६०० वर १४,२२० रुपये ५० पैसे. फरक साडेचोवीस रुपयांचा, नजरेत भरू नये इतका. पण तो बारा तिमाही वाढत जातो. तिन्ही वर्षं कपात होत राहिली, तर उजव्या रकान्याच्या तळाशी ९,६५,०१० रुपये येतात.

९,८५,१५१ आणि ९,६५,०१०. फरक २०,१४१ रुपयांचा. काउंटरवर भांडणारे लोक ज्या वीस हजारांबद्दल विचारतात ते हेच, किंवा त्यांच्या भाऊबंदांपैकी कुठले तरी.

पण हे वीस हजार सगळे करात गेले असं म्हणणंही चूक ठरेल. त्यातले १८,३३४ रुपये टीडीएस म्हणून सरकारकडे गेले. उरलेले १,८०७ कुणाकडेच गेले नाहीत, ते निर्माणच झाले नाहीत. कापले गेलेले पैसे ठेवीत राहिले असते तर त्यांच्यावर जे व्याज मिळालं असतं, ते हे. पहिला भाग परत मिळू शकतो. ज्याचं उत्पन्न करपात्र नाही, त्याने आयकर विवरणपत्र भरलं की कापलेला टीडीएस परतावा म्हणून बँक खात्यात येतो. दुसरा भाग परत मिळत नाही, कारण परत द्यायला तो कुणाकडे जमाच नसतो. काही बँका टीडीएस ठेवीतून न कापता जोडलेल्या बचत खात्यातून वळता करतात. तेव्हा पावतीवरचा आकडा अबाधित राहतो आणि खड्डा बचत खात्यात पडतो. आपली बँक यातलं काय करते, हे ठेव ठेवतानाच विचारून घेतलेलं बरं.

बाईंचा चेहरा पडला. "आमचं शिवणकामाचं सगळं धरून वर्षाला लाखभर होत नाही भाऊ. आम्हाला कसला इन्कम टॅक्स?"

बरोबर होतं. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत उत्पन्नाला कर नाही. शिवणकाम आणि ठेवीचं व्याज मिळून बाई दीड लाखाच्या आसपास जाणार होत्या. कर शून्य. पण बँकेच्या संगणकाला हे माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं की या पॅनवर पन्नास हजारांच्या वर व्याज जमा होणार आहे. "माझ्यावर कर बसत नाही, कापू नका" असं ग्राहकाने बँकेला लेखी कळवायचं असतं. त्याचं तेव्हाचं नाव फॉर्म १५जी. साठी ओलांडलेल्यांसाठी १५एच.

हा फॉर्म भरून घेताना तो तीन गोष्टी हमखास सांगतो. पहिली म्हणजे हा फॉर्म एकाच आर्थिक वर्षापुरता असतो. तीन वर्षांच्या ठेवीला तो तीनदा द्यावा लागतो, दर एप्रिलमध्ये. नेमकी इथेच गाडी अडते. पहिल्या वर्षी ठेव ठेवताना कर्मचारी आठवणीने फॉर्म घेतो, दुसऱ्या वर्षी पावती कपाटात असते आणि ग्राहक संसारात. जूनअखेर पहिल्या तिमाहीचा टीडीएस कापला जातो. ऑगस्टमध्ये फॉर्म दिला तर पुढची कपात थांबते, पण जूनमध्ये गेलेले पैसे सरकारजमा झालेले असतात आणि बँक ते परत देऊ शकत नाही. मग दीड हजार रुपयांसाठी विवरणपत्र भरायचं आणि ते भरून देणाऱ्याला त्यातलेच पाचशे द्यायचे.

दुसरी गोष्ट पॅनची. खात्याला पॅन जोडलेला नसेल तर कपात दहाऐवजी वीस टक्के होते आणि १५जी दिला तरी तो चालत नाही. पॅन आहे पण आधारशी जोडलेला नाही आणि त्यामुळे निष्क्रिय झालाय, तरी तेच. स्क्रीनवर ग्राहकाच्या नावासमोर टीडीएसचा दर २० दिसला की तो इतर काही न बघता आधी पॅन तपासतो. १४,००० च्या व्याजातून २,८०० गेले असतील तर घरबसल्याही हे ओळखता येतं. बाईंचं पॅनकार्ड बचत गटाच्या कर्जाच्या वेळी काढलेलं होतं आणि आधारशी जोडलेलं निघालं.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक असते. १५जी ही सही करून दिलेली घोषणा आहे. ज्याचं उत्पन्न खरोखरच करपात्र आहे त्याने ती द्यायची नसते. "सगळे देतात, मीही देतो" म्हणून वाळूजच्या कंपनीतला चांगल्या पगाराचा माणूस फॉर्म मागायला येतो, तेव्हा तो त्याला सरळ नाही म्हणतो. खोटी घोषणा हा आयकर कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय बँक ते व्याज आयकर खात्याला कळवतेच, त्यामुळे ते लपतही नाही.

मुलीचं डोकं वेगळ्या दिशेने चाललं होतं. "मग आठ लाखांच्या चार पावत्या केल्या तर? दोन-दोन लाखांच्या. एकेका पावतीवर व्याज पन्नास हजारांच्या आतच राहील."

ही युक्ती पडेगावात सगळ्यांना माहीत आहे आणि ती चालत नाही. मर्यादा पावतीला नसते, माणसाला असते. एका बँकेतल्या त्या माणसाच्या सगळ्या ठेवींचं व्याज एकत्र मोजलं जातं. पूर्वी ही मोजणी शाखेपुरती होती, तेव्हा लोक एक पावती पडेगावला, एक छावणीत, एक क्रांती चौकात अशी ठेवायचे. १ जून २०१५ पासून संगणकाने जोडलेल्या सगळ्या शाखांचं व्याज एकत्र धरतात आणि आवर्ती ठेवही त्यातच येते. तेव्हापासून तो मार्ग बंद झाला.

तरीही दोन-दोन लाखांच्या पावत्या करा, असं त्यानेच बाईंना सुचवलं, पण कारण वेगळं होतं. पुढच्या वर्षी मुलीचं कॉलेज होतं. आठ लाखांची एकच पावती असती आणि फीसाठी दीड लाख लागले असते, तर बहुतेक वेळा सगळी पावती मोडावी लागते. मुदतीआधी मोडलं की ठरलेला सात टक्के दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर धरतात आणि त्यातून दंडाचा अर्धा किंवा एक टक्का वजा करतात. समजा एक वर्षाने मोडली, एक वर्षाचा दर पावणेसात होता आणि दंड एक टक्का, तर व्याज पावणेसहा टक्क्यांनी मिळतं. दोन लाखांवर हा फटका सुमारे २,६०० रुपयांचा बसतो, आठ लाखांवर साडेदहा हजारांचा. एकच पावती मोडली की बाकीच्या तीन सात टक्क्यांनी चालू राहतात.

इथवर पाऊण तास झाला होता. पावत्या छापून द्यायला हरकत नव्हती. शाखेला ठेवींचं टार्गेट असतं आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आठ लाख मिळणं ही चांगली सुरुवात असते. पण त्याने कीबोर्डवरचा हात काढून घेतला आणि विचारलं, "सगळे आमच्याकडेच ठेवणार का?"

बाईंनी सांगितलं, की जाऊबाई एका पतसंस्थेचं नाव घेतायत. तिथे व्याज जास्त आहे आणि टीडीएसही कापत नाहीत.

शहरात राहून पतसंस्थेचं नाव निघालं की २०२३ आठवतंच. त्या वर्षी आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला घोटाळा उघडकीस आला, गुन्हे दाखल झाले आणि ठेवीदार आपल्याच पैशांसाठी रस्त्यावर उतरले. त्यात असेच पहिल्यांदा पैसे ठेवणारे पुष्कळ होते. टीडीएस न कापणं हे पतसंस्थेचं खास औदार्य नसतं. सहकारी संस्थेने सभासदाला दिलेल्या व्याजावर बहुतेक वेळा कपात करायची नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. सहकारी बँकांना ती लागू नाही. आणि टीडीएस कापला नाही म्हणून ते व्याज करमुक्तही होत नाही. मोठा फरक दुसरीकडेच आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

बँकेतल्या या संरक्षणालाही मर्यादा आहे आणि ती ठेवीच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाख रुपये. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एकच लाख होते. हा विमा सहसा कुणाला आठवत नाही, पण याच शहरातल्या अजिंठा अर्बन सहकारी बँकेच्या ठेवीदारांना तो आठवावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले आणि एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे बाई काउंटरवर आल्या त्याच महिन्यात, तिचा परवाना रद्द केला. ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या आत होत्या त्यांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता. ज्यांच्या त्याहून जास्त होत्या, त्यांना वरच्या पैशांसाठी बँकेच्या मालमत्तेची विक्री होऊन काय हाती लागतं याची वाट बघणं आलं.

म्हणून त्याने कागदावर आठ लाखांचे दोन भाग केले. चार लाख इथे, चार लाख दुसऱ्या बँकेत. चार लाखांचे सात टक्क्यांनी तीन वर्षांत ४,९२,५७५ होतात, म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा मुद्दल आणि व्याज मिळून रक्कम पाच लाखांच्या आत राहते. फक्त त्याच बँकेच्या बचत खात्यातले पैसेही त्या पाच लाखांत मोजले जातात, तेव्हा तिथे मोठी रक्कम पडून ठेवायची नाही.

अशी विभागणी केली की टीडीएसचा प्रश्नही आपोआप मिटतो. चार लाखांवर पहिल्या वर्षी २८,७४३ रुपये व्याज होतं आणि तिसऱ्या वर्षी ३३,०२३. प्रत्येक बँक आपापल्यापुरतं मोजते आणि दोन्हीकडे पन्नास हजारांची मर्यादा ओलांडली जात नाही. कपातच नाही, म्हणून १५जी विसरला तरी पावतीवरचा आकडा हलत नाही. बाईंच्या बाबतीत यात काहीही वावगं नव्हतं, कारण त्यांच्यावर मुळात करच बसत नव्हता. ज्याच्यावर कर बसतो त्याने चार बँकांत पैसे वाटले तरी चारही बँकांचं व्याज विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

शेवटी त्याच्या शाखेत दोन लाखांच्या दोन पावत्या झाल्या. उरलेले चार लाख त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेत गेले. नॉमिनी म्हणून चारही पावत्यांवर मुलीचं नाव लागलं. मुदत संपल्यावर ठेव आपोआप नव्याने सुरू करायची की पैसे बचत खात्यात टाकायचे, या रकान्यात त्याने दुसरा पर्याय निवडला, कारण आपोआप नव्याने सुरू होणारी ठेव त्या दिवशीच्या दराने होते आणि तो दर सात असेलच असं नाही. टार्गेटमध्ये चार लाख कमी पडले. ते महिन्याच्या बैठकीत ऐकून घ्यावं लागणार होतं, पण निम्म्या रकमेसाठी बोलणी खाणं हे पूर्ण रकमेचा ग्राहक तीन वर्षांनी समोर बसून भांडण्यापेक्षा परवडतं, असं त्याचं मत आहे.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ती मुलगी त्याला एकदा भेटली. जूनअखेरचं व्याज दोन्ही बँकांत जमा झालं होतं, प्रत्येक पावतीवर साडेतीन हजारांच्या आसपास. तिने ते मोबाइलवर तपासलं होतं आणि टीडीएसच्या रकान्यात शून्य होतं, हेही आवर्जून सांगितलं.

ज्यांच्या एकाच बँकेत सात-आठ लाखांहून जास्त ठेवी आहेत, त्यांच्यासाठी मात्र एप्रिलचं काम टळलेलं नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे, फॉर्मांचे क्रमांक बदलतात. म्हणून बँकेत जाऊन "१५जी" म्हणण्याऐवजी "टीडीएस न कापण्याचं घोषणापत्र द्यायचंय" असं सांगावं. ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावं, त्याची पोच घ्यावी आणि पावतीच्याच पिशवीत ठेवावी. बँकांना पहिल्या तिमाहीच्या कपातीचा तपशील ३१ जुलैपर्यंत आयकर खात्याला द्यावा लागतो. त्यानंतर आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनचं वार्षिक करविवरण एकदा उघडून बघा. काही कापलं गेलं असेल तर ते तिथे रुपयांनिशी दिसतं आणि उरलेल्या तीन तिमाहींची कपात थांबवायला तेव्हाही वेळ असतो.